थुंकी नव्हे, बेडका

पुण्यातल्या एका भाषांतर पदविका वर्गाच्या प्रमाणपत्र वितरणाला निरोपाचं भाषण करायला शिक्षिका उभ्या राहिल्या, तेव्हा प्रत्येक खुर्चीवर एक कागद आधीच ठेवलेला होता. विद्यार्थी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाईंनी दोन वाक्यांत सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि तो कागद हातात घ्यायला सांगितला. पेन बाजूला, मोबाइल पिशवीत; मजकूर मनातल्या मनात, सावकाश, दोनदा वाचायचा, एवढीच सूचना. कौतुकाला आलेले आईवडीलही मुलांच्या खांद्यावरून वाचू लागले.

कागदावर इंग्रजीतला एक लहानसा उतारा होता. क्षयरोगावरच्या एका नव्या औषधाची चाचणी, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णासाठीचं माहितीपत्रक. उतारा बाईंनी शिकवण्यासाठी स्वतःच रचलेला होता, पण त्यातली प्रत्येक ओळ अशा पत्रकांमध्ये नेहमी दिसणाऱ्या ओळींसारखी होती. याचं मराठी करताना कुठे कुठे थांबावं लागेल, असं त्यांनी विचारलं. विद्यार्थ्यांनी तीन-चार जागा सांगितल्या. बाईंच्या यादीत त्याच्या दुप्पट होत्या, आणि पुढचं सगळं भाषण त्या जागांभोवती फिरलं.

गोष्ट किंवा कविता न निवडता त्यांनी हे पत्रक का निवडलं, हे समजून घ्यायला या कागदाचं काम माहीत असायला हवं. आपल्याकडे नव्या औषधाची चाचणी माणसांवर करायची, तर प्रत्येक सहभागी व्यक्तीची लेखी संमती लागते. २०१९च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांनुसार त्या व्यक्तीला सगळी माहिती तोंडी आणि लेखी अशी दोन्ही प्रकारे द्यावी लागते, आणि तीही तांत्रिक नसलेल्या, तिला समजेल अशा भाषेत. माहितीपत्रक आणि संमतीपत्र नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी एक त्रयस्थ साक्षीदार संपूर्ण वेळ हजर राहतो आणि सही करतो. म्हणजे बीड किंवा नंदुरबारच्या एखाद्या रुग्णाने ‘मला हे मान्य आहे’ म्हणून जो अंगठा उठवला, तो प्रत्यक्षात मराठी भाषांतरावर उठवलेला असतो. मूळ इंग्रजी त्याने पाहिलेलंही नसतं. इथे भाषांतरकार चुकला, तर रुग्णाने संमती दिली ती दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीला.

उताऱ्यातली पहिली जागा एका इंजेक्शनची होती. ते ‘बायवीकली’ द्यायचं होतं. अर्ध्या वर्गाने ते ‘आठवड्यातून दोनदा’ असं वाचलं, अर्ध्याने ‘दोन आठवड्यांतून एकदा’. दोघांचंही बरोबर होतं, कारण इंग्रजीत हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि तिथले कोशही दोन्ही अर्थ देतात. इंग्रजीत लिहिणारा अशी संदिग्धता नकळत सोडून पुढे जाऊ शकतो. मराठीत ती सोय नाही. मराठी लिहिताना यातलं एक काहीतरी निवडावंच लागतं, आणि चुकीचं निवडलं तर दोन आठवड्यांत एकाऐवजी चार इंजेक्शनं होतात. औषध चौपट.

दुसरी जागा ‘विथड्रॉ’ या क्रियापदाची. उताऱ्यात ते दोनदा आलं होतं, आणि दोन्ही वेळा वेगळ्या माणसाचं काम सांगत होतं. एकदा रुग्ण स्वतःहून चाचणीतून माघार घेऊ शकतो म्हणून, आणि चार ओळींनंतर डॉक्टर रुग्णाला चाचणीतून बाहेर काढू शकतात म्हणून. दुसऱ्या वाक्यात कर्ता लिहिलेलाच नव्हता. इंग्रजी कर्मणी रचनेत तो गळतो. घाईत वाचणारा दोन्हीकडे ‘माघार’ लिहून मोकळा होतो. मग रुग्णाला कळतच नाही की त्याची इच्छा असली, तरी डॉक्टर त्याला थांबवू शकतात. पहिलं वाक्य हक्क सांगतं, दुसरं त्या हक्काची मर्यादा. मराठी पत्रकात दोन्ही वाक्यं एकसारखी दिसली, तर रुग्णाच्या हातातून एक महत्त्वाची माहिती सरळ काढून घेतल्यासारखं होतं.

सावकाश वाचणं म्हणजे काय, हे सांगताना बाईंनी बर्लिनमध्ये घडलेलं एक प्रकरण मांडलं. २००६-०७च्या सुमारास तिथल्या एका रुग्णालयात ४७ रुग्णांना गुडघ्याचे कृत्रिम सांधे चुकीच्या पद्धतीने बसवले गेले. सांधे सिमेंटने पक्के करायच्या प्रकारातले होते. हाडांसाठीचं एक खास सिमेंट असतं, त्याने ते हाडात घट्ट बसवतात. पाकिटावर इंग्रजीत ‘नॉन-मॉड्युलर सिमेंटेड’ असं छापलेलं होतं. ‘नॉन’ हा फक्त ‘मॉड्युलर’ला लागू होता: सांध्याचा तो भाग सुट्या तुकड्यांचा नसून एकसंध आहे, आणि तो सिमेंटने बसवायचा आहे. वाचणाऱ्यांनी तो नकार शेवटच्या शब्दापर्यंत ओढला आणि ‘सिमेंट लागत नाही’ असा अर्थ घेतला. तीन शब्दांचं लेबल, त्यातला एकही शब्द अवघड नाही. मात्र नकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कुणी थांबून पाहिलं नाही आणि सांधे सिमेंटशिवाय बसवले गेले.

या प्रकरणात शब्दकोशाचा काही उपयोग झाला नसता, याकडे बाईंनी मुद्दाम लक्ष वेधलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीतच होता. चूक झाली ती कोणता शब्द कशाला जोडायचा यात, आणि ती पकडायला सावकाश वाचणं हाच उपाय आहे. त्यांची स्वतःची पद्धत साधी आहे. पहिलं वाचन अथपासून इतिपर्यंत, हातात काहीही न घेता, म्हणजे मजकूर कुणी कुणाला कशासाठी लिहिलाय ते कळतं. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. त्यात नकार, अटी आणि आकडे यांच्याभोवती गोल करायचे, आणि प्रत्येक क्रियापदाजवळ कर्ता कोण ते समासात लिहायचं. कर्ता सापडला नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हं मिटेपर्यंत मराठीचं पहिलं वाक्यही टाइप करायचं नाही.

प्रश्नचिन्हं मिटवायची कशी, तर काम देणाऱ्याला विचारून. यावर बाई बराच वेळ बोलल्या, आणि ते योग्यच होतं, कारण नवे भाषांतरकार इथे हमखास कचरतात. प्रश्न विचारला तर आपल्याला इंग्रजी येत नाही असं वाटेल, ही भीती. त्यांनी प्रश्नाचा एक नमुनाच दाखवला. त्यात पान आणि ओळ लिहायची, मूळ शब्द जसाच्या तसा उतरवायचा, त्यातून निघणारे दोन्ही अर्थ मांडायचे, आणि कोणत्या अर्थाने काय बदलेल ते एका वाक्यात सांगायचं. ‘बायवीकलीचा अर्थ काय?’ असं विचारलं तर समोरचा चिडतो. ‘हा शब्द दोन अर्थांनी वाचता येतो, एका अर्थाने महिन्याला साधारण दोन इंजेक्शनं होतात, दुसऱ्याने आठ, चाचणीच्या मूळ आराखड्यात कोणतं आहे?’ असं विचारलं तर समोरचा आराखडा उघडतो. कधी कधी इंग्रजी पत्रकातलीच चूक त्यामुळे सापडते. मजकूर एवढ्या बारकाईने वाचणारा भाषांतरकाराशिवाय दुसरा कुणी बहुधा नसतोच.

यानंतर गाडी परिभाषेकडे वळली. ‘ट्रीटमेंट-नाईव्ह’ रुग्ण म्हणजे भोळा रुग्ण नव्हे, तर ज्याने या आजारावर अजून उपचार घेतलेलेच नाहीत तो. ‘स्टडी आर्म’ म्हणजे चाचणीतला एक गट. ‘स्टँडर्ड ऑफ केअर’ म्हणजे काळजीचा दर्जा नाही. त्या आजारावर सध्या जे प्रचलित उपचार दिले जातात, ते. हे सापळे ओळखीचे आहेत, एकदा कळले की पुन्हा कुणी सहसा त्यात सापडत नाही. बाईंनी ते भराभर संपवले. खरा वेळ त्यांनी दिला ‘स्प्यूटम’ या शब्दाला, आणि भाषणाचा गाभा तोच होता.

हा शब्द कोशात पाहिला तर समोर थुंकी येते. क्षयरोगाच्या संदर्भात सरकारी फलकांवरही ‘थुंकी तपासणी’ असं लिहिलेलं दिसतं. मग अडचण काय? अडचण अशी की फुप्फुसाच्या क्षयरोगाचे जंतू तोंडातल्या लाळेत नव्हे, तर छातीत खोलवर, खोकून बाहेर येणाऱ्या घट्ट स्रावात असतात. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, नाहीतर गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रात घाला. डबीत नुसती लाळ असेल, तर रुग्णाला क्षयरोग असूनही तपासणीत तो न सापडण्याची मोठी शक्यता असते. ‘थुंकीचा नमुना द्या’ असं सांगितल्यावर रुग्ण काय करतो? तो डबीत थुंकतो. त्याने सांगितलं तेच केलेलं असतं.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला हे डबी पाहूनच कळतं. लाळ पातळ, पाण्यासारखी, फेसाळ असते. हवा तो नमुना घट्ट, चिकट, बरेचदा पिवळसर असतो. मराठीत त्याला नाव आहे: बेडका. कफ म्हणता येईल, पण कफ म्हटलं की कित्येकांना वात-पित्त-कफ आठवतात. सर्दीत नाकातून वाहणाऱ्यालाही लोक कफच म्हणतात. बेडका म्हटलं की अर्थाला दुसरी वाट उरत नाही. तो खोकूनच येतो.

पण हा शब्द तपासणाऱ्यांना खटकतो. बाईंचे विद्यार्थी अशा पत्रकांवर काम करू लागले, की कुणीतरी ‘बेडका’ खोडून ‘थुंकी’ किंवा त्याहून संस्कृत काहीतरी लिहिणार, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं. शब्द कागदावर बरा दिसत नाही, एवढंच त्यामागचं कारण असतं. तिथे भांडत बसण्यापेक्षा शब्दाऐवजी कृती लिहा, असं त्यांचं म्हणणं. पाण्याने चूळ भरा. खोल श्वास घ्या. जोरात खोका आणि छातीतून येणारा घट्ट बेडका डबीत टाका. तोंडातली थुंकी नको. चार छोटी वाक्यं झाली, मूळ इंग्रजीपेक्षा मजकूर वाढला, पण नाशिकची बाई असो की सिंधुदुर्गातला आजोबा, डबीत योग्य नमुना पडण्याची शक्यता वाढली. माझ्या मते संपूर्ण भाषणातली ही सर्वांत मोलाची सूचना होती. परिभाषेचा शोध म्हणजे सर्वांत शुद्ध शब्दाचा शोध, असा समज आपल्या वर्गांमधून सहज घेऊन मुलं बाहेर पडतात.

अशीच दुसरी जागा दुष्परिणामांच्या यादीत होती. क्षयरोगावरच्या काही औषधांनी क्वचित फिट येऊ शकते. इंग्रजीतल्या ‘सीझर’साठी वर्गातल्या अनेकांनी ‘झटके येणे’ लिहिलं. आता मराठी कानांनी ऐका. हृदयविकाराचाही झटका येतो, लकव्याचाही झटका येतो आणि फिटचेही झटके येतात. रुग्णाच्या बायकोने पत्रक वाचून घाबरून फोन केला आणि ‘झटका आला’ असं सांगितलं, तर पलीकडच्या डॉक्टरला नेमकं काय समजायचं? इथे ‘फिट किंवा आकडी येणे’ लिहिलं आणि कंसात हातपाय ताठ होणे, शुद्ध हरपणे अशी चिन्हं दिली, की गोंधळ मिटतो. ‘फिट’ हा इंग्रजी शब्द आहे म्हणून तो टाळणाऱ्यांना बाईंनी विचारलं, की घरात आजीला काय झालं होतं हे सांगताना तुम्ही कोणता शब्द वापरता?

‘पॉझिटिव्ह’चं ‘सकारात्मक’ करणाऱ्यांनाही त्यांनी असंच थांबवलं. चाचणी सकारात्मक आली म्हटलं की सामान्य माणसाला बातमी चांगली वाटते. ‘तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले’ असं लिहिलं की शंका उरत नाही.

मग कोशांचं काय करायचं? महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत, केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे संग्रह आहेत, आणि बाईंच्या मते ते उघडल्याशिवाय काम सुरू करणं हा आळस आहे. पण त्यांतला शब्द पाठ्यपुस्तकासाठी, शासकीय आदेशासाठी बनलेला असतो. कोश संकल्पना काय आहे ते सांगतो. समोरचा वाचक तिला काय म्हणतो, ते बाहेर जाऊन शोधावं लागतं. त्यासाठी त्या विद्यार्थ्यांना आरोग्य केंद्रातल्या आशाताईंशी बोलायला पाठवतात, औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक काय शब्द वापरतं ते ऐकायला सांगतात. प्रत्येक शब्दाची नोंद वहीत होते: मूळ शब्द, त्याचा एका ओळीत अर्थ, हा अर्थ कुठून मिळाला, कोणते पर्याय पाहिले, कोणता घेतला आणि का. सहा महिन्यांनी कुणी ‘थुंकी का नाही लिहिलं?’ असं विचारलं, तर उत्तर स्मरणशक्तीवर अवलंबून राहत नाही.

या क्षेत्रात एक तपासणी रूढ आहे, तिला उलट भाषांतर म्हणतात. मराठी मजकूर दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे जातो. त्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं. तो मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो आणि मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहतात. ‘माघार’ची गल्लत यात बहुधा पकडली जाते. पण ही पद्धत जितकी भरवशाची मानली जाते तितकी ती नाही, हे बाईंनी उदाहरण देऊन दाखवलं. रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सोडतीसारखं ठरतं, त्याला कोशात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द आहे. तो पत्रकात घातला की उलट भाषांतरात ‘रँडमायझेशन’ अगदी नेमकं परत येतं आणि तपासणारा खूश होतो. रुग्णाला मात्र काहीच कळलेलं नसतं. ‘थुंकी’चंही तसंच. क्षयरोगाचा मजकूर आहे हे उलट भाषांतरकाराला दिसत असतं, म्हणून तो समजून-उमजून ‘स्प्यूटम’च लिहितो आणि मराठीतली त्रुटी नकळत झाकली जाते. अर्थ बदलला तर ही पद्धत सांगेल; वाचणाऱ्याला समजलं नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी पाच-सात सामान्य माणसांना मजकूर वाचायला देऊन ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणावं लागतं. रुग्णांनी भरायच्या प्रश्नावल्यांच्या भाषांतरात ही पायरी सर्रास असते. संमतीपत्रांसाठी ती अनेकदा गाळली जाते, वेळ नाही म्हणून.

वेळ नाही, हे शब्द आले आणि बाई तिसऱ्या विषयावर आल्या: काम नाकारणं.

त्यांनी सांगितलेली गोष्ट न्यूझीलंडची होती. ४ फेब्रुवारी १८४० रोजी दुपारी चारच्या सुमारास ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी विल्यम हॉब्सन यांनी हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती एका कराराचा इंग्रजी मसुदा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्याचं माओरी भाषांतर हवं होतं. विल्यम्स यांना माओरी उत्तम येत होती, कायद्याची भाषा हे त्यांचं क्षेत्र नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, एडवर्डने, रात्रीत काम उरकलं. ५ तारखेला वायतांगी इथे चर्चा झाली आणि ६ तारखेला माओरी सरदारांनी सह्या करायला सुरुवात केली. इंग्रजी मसुद्यात सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देत होते. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावानातांगा’ असा शब्द होता, गव्हर्नर या शब्दावरून घडवलेला. त्याचा अर्थ कारभार पाहण्याचा अधिकार. आणि पुढच्याच कलमात ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारकीचा पूर्ण अधिकार, त्यांच्याकडेच राहील असं म्हटलेलं होतं. एकाच कराराचे दोन मजकूर दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. त्यावरचा वाद आजही चालू आहे. १९७५ साली त्यासाठी वायतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं, आणि २०१४ मध्ये त्या न्यायाधिकरणाने म्हटलं की १८४०च्या फेब्रुवारीत सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेलंच नव्हतं.

विल्यम्स यांनी तो शब्द नाइलाजाने निवडला की जाणूनबुजून, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. बाईंना त्या वादात शिरायचं नव्हतं. त्यांचा मुद्दा होता अठरा तासांचा. सार्वभौमत्व ही कल्पना ज्या समाजात त्या रूपात नव्हती, त्या समाजाच्या भाषेत तो करार एका रात्रीत नेणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि ‘हे उद्यापर्यंत होणार नाही’ असं म्हणण्याची जागा तिथेच होती.

आपल्याकडे हा प्रसंग येतो तो शुक्रवारी संध्याकाळी. नऊ हजार शब्दांचा मजकूर, सोमवारी सकाळी हवा. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. अनुभवी भाषांतरकार दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द नीट करू शकतो, असं या व्यवसायात धरून चालतात. म्हणजे नुसतं भाषांतर चार दिवसांचं. वाचन, शब्दांचा शोध, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं येण्याचा वेळ आणि शेवटचा हात धरला तर आठवडा. दोन दिवसांत ते देतो म्हणणारा माणूस यातलं काय गाळणार, हे त्याने काम घेतानाच ठरवलेलं असतं, फक्त समोरच्याला सांगितलेलं नसतं. भाषांतर सेवांसाठी २०१५ साली आलेलं आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक तर मजकूर दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून पाहिलाच पाहिजे असं सांगतं. घाईत सगळ्यात आधी तो दुसरा माणूस गायब होतो.

वेळेच्या जोडीला त्यांनी विषय धरला. साहित्याची उत्तम जाण असलेल्या मुलीकडे कुणी सातबाऱ्याचा उतारा घेऊन आलं, बँकेसाठी इंग्रजी हवाय म्हणालं, तर एका पानाचं काम म्हणून ती हो म्हणते. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असतं. याचा शब्दशः अनुवाद करून भागत नाही, कारण अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि बँकेला नेमकं तेच हवं असतं. ज्याला हे माहीत नाही, त्याला आपण काय चुकलो हेही कळणार नाही. विषय परका असल्याची ओळख अशीच पटते, असं बाई म्हणाल्या: वाचताना एकही प्रश्न पडत नाही. ‘मजकूर सोपा वाटला, तर आधी स्वतःला विचारा, की तो खरंच सोपा आहे की मला त्यातलं काही दिसतच नाहीये,’ हे त्यांचं वाक्य अनेकांनी लिहून घेतलं.

हे नाकारणं म्हणजे कुणाची वैयक्तिक तत्त्वनिष्ठा नाही. जागतिक भाषांतरकार महासंघाने १९६३ साली दुब्रोव्निक इथे स्वीकारलेल्या सनदेतच म्हटलंय, की आपल्या आवाक्याबाहेरच्या विषयातलं भाषांतर हाती घेऊ नये. युनेस्कोच्या १९७६च्या नैरोबी शिफारशीत भाषांतराला पुरेसा वेळ मिळावा, आणि सर्वसाधारणपणे भाषांतरकाराने आपल्या मातृभाषेत भाषांतर करावं, असं नमूद आहे. यापलीकडे दोन कामं बाईंनी थेट मनाई करून सांगितली. मूळ भाषांतर आणि उलट भाषांतर एकाच माणसाने करून दुसऱ्याच्या नावाने प्रमाणपत्र द्यायचं, हे एक. आणि ‘ही धोक्याची ओळ रुग्णांना घाबरवते, जरा सौम्य करा’ असं सांगितलं जातं, ते दुसरं. मजकूर सोपा करायचा, सौम्य नाही.

नाही म्हणायचं कसं, याचीही रीत त्यांनी दिली. त्याच दिवशी कळवा, म्हणजे समोरच्याला दुसरा माणूस शोधता येईल. कारण एका वाक्यात सांगा. कोणत्या अटीवर काम शक्य आहे ते सांगा: शुक्रवारपर्यंत मुदत, किंवा फक्त पहिली तीन पानं, किंवा जमिनीच्या कागदपत्रांतला जाणकार सोबत. आणि त्या विषयातल्या चांगल्या माणसाचं नाव माहीत असेल तर तेही द्या.

प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थ्याने विचारलं, की घरभाडं भरायचंय, पहिलंच काम आलंय, मी नाही म्हटलं तर दुसरा घेणारच, मग? बाईंनी मान्य केलं की पहिली दोन-तीन वर्षं हे फार अवघड जातं, आणि त्या काळात भाषांतराखेरीज एखादं नियमित उत्पन्न ठेवा, असं सुचवलं. हे उत्तर मला अपुरं वाटलं. नाकारण्याचा सगळा भार सर्वांत नव्या, सर्वांत गरजू माणसावर टाकणं न्यायाचं नाही. सोमवारची मुदत ठरवणाऱ्या संस्थांनी चाचणीचं वेळापत्रक आखतानाच भाषांतराचे आठवडे धरले पाहिजेत, आणि हे त्यांना ऐकवण्याची ताकद बाईंसारख्या ज्येष्ठांपाशीच आहे. पैशांबाबतचं त्यांचं दुसरं उत्तर अधिक उपयोगी होतं. दरपत्रकात फक्त शब्दांचा दर लिहू नका. प्रश्नोत्तरांना लागणाऱ्या तासांचा आणि नीतिमत्ता समितीने सुचवलेल्या बदलांचा आकार वेगळा दाखवा. तो नाकारला गेला तरी, या गोष्टींना वेळ लागतो हे कागदावर येतं.

शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता. मंजूर होऊन छापलेल्या पत्रकात ‘थुंकी’ असल्याचं नंतर लक्षात आलं, तर? बाईंचं उत्तर नेमकं होतं. छापील प्रतीवर पेनाने दुरुस्ती करायची नाही. ज्यांनी काम दिलं त्यांना पान, ओळ, चूक आणि सुचवलेला मजकूर लेखी कळवायचा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवायची. अशा प्रत्येक पत्रकावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, आणि भाषांतरावरही ती असावी लागते. दुरुस्ती झाली की नवी आवृत्ती होते, ती पुन्हा समितीपुढे जाते, आणि बदल महत्त्वाचा असेल तर आधी सह्या केलेल्या रुग्णांनाही नवं पत्रक समजावून सांगून त्यांची संमती नव्याने घेतली जाते.